मॅक अपग्रेड केल्यापासून मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर होत नाही, समोरच्याला फक्त वॉलपेपर दिसतो

रेखाटन

नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरांचे आराखडे करते. बरीचशी गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची आहेत, त्यामुळे नकाशा दाखवायचा तो झूमवरच. शनिवारी मॅकबुक सोनोमावरून सेकोयावर नेलं. सोमवारी मीटिंग होती. आवाज ठीक, कॅमेरा ठीक. स्क्रीन शेअर केली, हिरवी चौकट आली, मी अर्धा मजला समजावून सांगितला. तेवढ्यात समोरून काका म्हणाले, "मॅडम, फोटो छान आहे डोंगराचा, पण आमचं स्वयंपाकघर कुठाय?"

त्यांना फक्त माझा वॉलपेपर आणि वरची मेन्यूची पट्टी दिसत होती. प्लॅनची खिडकी माझ्या पडद्यावर उघडी होती, त्यांच्याकडे नव्हती.

सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. Privacy & Security मध्ये Screen & System Audio Recording म्हणून आहे, तिथे zoom.us समोरचं बटण चालूच दिसतंय. बंद करून परत चालू केलं, मशीन रीस्टार्ट केलं, फरक नाही. गुरुवारी याच काकांबरोबर पुन्हा बसायचंय. अपग्रेडच्या आधी सगळं सुरळीत होतं. कुणाला असा अनुभव?

चहाबाज

स्वयंपाकघर पूर्वेला काढलंय का? नाहीतर वॉलपेपरच बरा म्हणायचे काका.

(हलके घ्या. मी विंडोजवाला, माझा सल्ला तसाही उपयोगाचा नाही.)

आडवाटसरू

ॲप पूर्ण काढून टाका आणि साइटवरून नवीन उतरवून टाका. नव्वद टक्के वेळा काम होतं. अपग्रेडनंतर जुनं व्हर्जन चालत नाही.

रेखाटन

@आडवाटसरू, तेही करून झालं. ॲप्लिकेशनमधून कचऱ्यात टाकलं, नवीन उतरवलं. गंमत म्हणजे नवीन ॲपने परवानगी विचारलीच नाही. यादीत zoom.us आधीपासूनच होतं आणि बटण चालू होतं.

@चहाबाज, आग्नेयेला आहे. तेवढं ठाऊक आहे हो आम्हाला :)

शून्यमात्रा

रेखाटन, तुमच्या दुसऱ्या प्रतिसादातच उत्तर आहे. ॲप कचऱ्यात टाकलं म्हणून परवानगीची नोंद पुसली जात नाही. ती ॲपमध्ये नसतेच. मॅक ती स्वतःच्या वेगळ्या वहीत ठेवतो, आणि स्क्रीनच्या बाबतीत ती वही सगळ्या मशीनसाठी एकच असते. तिच्यावर सिस्टिमचा पहारा आहे, हाताने खाडाखोड करता येत नाही.

आधी निदान. समोरच्याला काळा पडदा न दिसता वॉलपेपर आणि मेन्यूची पट्टी दिसते, पण कुठल्याच ॲपची खिडकी दिसत नाही, हे जवळजवळ खात्रीचं लक्षण आहे की परवानगी लागू झालेली नाही. २०१९ मध्ये कॅटलिना आल्यापासून असं आहे. परवानगी नसलेल्या ॲपने पडद्याचं चित्र मागितलं तर सिस्टिम सरळ "नाही" म्हणत नाही, बाकीच्या ॲपच्या खिडक्या वगळून उरलेलं चित्र देते. म्हणून मीटिंगच्या ॲपलाही वाटतं सगळं ठीक चाललंय, आणि तुम्हाला हिरवी चौकट दिसते. नव्या पद्धतीने लिहिलेल्या काही ॲपना मात्र थेट नकार मिळतो आणि ती तसा संदेश दाखवतात. तुमच्या बाबतीत तो आला नाही, म्हणून घोळ लक्षात यायला उशीर झाला.

बटण चालू असून चालत का नाही? नोंदीत ॲपच्या नावाबरोबर त्याची सहीसुद्धा साठवलेली असते, म्हणजे ज्या कंपनीने ॲप बनवलं तिची डिजिटल सही. ॲप स्क्रीन मागतं तेव्हा नाव आणि सही दोन्ही जुळतात का ते तपासलं जातं. अपग्रेडमध्ये किंवा जुन्या मॅकवरून नव्यावर सामान हलवताना कधीकधी ही नोंद अर्धवट येते. यादीला दाखवण्यापुरती पुरते, तपासणीला पुरत नाही. बटण बंद-चालू केल्याने तीच नोंद इकडून तिकडे होते, नवी होत नाही. म्हणून नोंद उपटून नव्याने लावायची.

असं करा:

झूम पूर्ण बंद करा. लाल बटणाने खिडकी बंद होते, ॲप नाही. Cmd+Q करा. मग त्याच यादीत zoom.us वर क्लिक करून यादीखालचं वजाचं चिन्ह दाबा. पासवर्ड किंवा बोट मागेल. नाव यादीतून गेलं पाहिजे. आता झूम उघडा, एकटीच मीटिंग सुरू करा आणि शेअर दाबा. आता मॅक नव्याने विचारेल. तिथून सेटिंग उघडून बटण चालू केलं की Quit & Reopen असं येईल, तेच दाबा. Later दाबलंत तर चालू असलेल्या झूमला काही कळत नाही आणि परत वॉलपेपर.

वजा दाबूनही ऐकलं नाही, तर टर्मिनलमध्ये:

```
tccutil reset ScreenCapture us.zoom.xos
```

शेवटचं नाव विसरू नका. नाव न देता कमांड मारली तर सगळ्याच ॲपची स्क्रीनची परवानगी जाते.

पन्हाळा_एक्स्प्रेस

भावा एवढं कशाला. त्याच पानावर खाली स्क्रोल करायचं, अधिकचं चिन्ह आहे, तिथून झूम आत घालायचं. मी तसंच केलं, दोन मिनिटांत विषय संपला.

शून्यमात्रा

@पन्हाळा_एक्स्प्रेस, तुमचं झालं ते चांगलंच. पण सेकोयात त्या पानावर दोन याद्या आहेत आणि दोन्हींखाली अधिकचं चिन्ह आहे. वरची स्क्रीन आणि आवाज दोन्हींची. खालची System Audio Recording Only, म्हणजे फक्त आवाज. "खाली स्क्रोल करून" घातलं तर झूम खालच्या यादीत जातं, आणि मग गाण्याचा आवाज ऐकू येईल पण पडदा नाही. तुमचं वरच्या यादीतलं आधीपासून चालू असणार.

पन्हाळा_एक्स्प्रेस

आत्ता बघितलं. दोन्हीकडं आहे राव. म्हणजे मी नक्की काय दुरुस्त केलं?

चहाबाज

आत्मविश्वास.

मावशीबाई

माझंही असंच होतं. भिशीच्या ग्रुपला दर महिन्याला एकत्र सिनेमा बघायचा म्हणून मी शेअर करते, तर सगळ्यांना नुसतं काळं दिसतं. आवाज येतो. मॅकच आहे, लेकीने दिलाय. वरचं वजा-अधिक करून बघू का?

शून्यमात्रा

मावशी, तुम्हाला ते करायची गरज नाही. तुमच्या मैत्रिणींना बाकीचा पडदा दिसतो आणि फक्त सिनेमाचा चौकोन काळा दिसतो ना? मग परवानगी बरोबर आहे. पैसे भरून सिनेमे दाखवणाऱ्या साइट चित्राला कुलूप लावून पाठवतात, ते शेअर करताना मुद्दाम काळं होतं. त्यावर सेटिंगमध्ये इलाज नाही.

मावशीबाई

अगं बाई. म्हणजे भिशी घरीच घ्यावी लागणार. पोहे करते.

ओसरी

एक भर घालते. आम्ही शाळेत गूगल मीट वापरतो, ते ब्राउझरमध्ये चालतं. तिथे यादीत "मीट" शोधून काही मिळत नाही, कारण परवानगी क्रोमला द्यायची असते. आमच्या दोन शिक्षिका यातच अडकल्या होत्या. आणि क्रोमला परवानगी दिल्यावर क्रोमच पूर्ण बंद करून उघडावं लागतं, म्हणजे चालू वर्ग सुटतो आणि उघडे टॅब जातात (Cmd+Shift+T ने येतात परत). वर्ग सुरू व्हायच्या आधी करावं.

नुसता क्रोमचा एक टॅब शेअर करायचा असेल तर मात्र या परवानगीशिवायही चालतं, कारण क्रोम स्वतःचंच पान दाखवतो. मी घाईत असले की सरळ पीडीएफ क्रोममध्ये उघडते आणि तो टॅब शेअर करते. आणि सफारीला तर यादीत टाकावंच लागत नाही, काय शेअर करायचं ते ती सिस्टिमकडूनच विचारून घेते.

रेखाटन

@ओसरी, हे फार कामाचं. निदान गुरुवारसाठी हाताशी काहीतरी राहील. प्लॅनची पीडीएफ असतेच.

@शून्यमात्रा, रात्री बसते आणि कळवते.

आडवाटसरू

माझ्या मते दोन झूम असणार मशीनवर. झूम बसवताना "फक्त माझ्यासाठी" निवडलं तर ते घरच्या फोल्डरमधल्या ॲप्लिकेशनमध्ये जातं, आणि "सगळ्यांसाठी" निवडलं तर मुख्य ॲप्लिकेशनमध्ये. परवानगी एकाला आणि डॉकमधून उघडतंय दुसरं. माझ्या भावाकडे होतं असं.

शून्यमात्रा

दोन प्रती असतात हे खरं, आणि जुनी काढलेली बरी. पण तेवढ्याने परवानगी अडू नये. मॅक फोल्डर बघत नाही, नाव आणि सही बघतो, आणि दोन्ही प्रतींवर एकाच कंपनीची सही असते. दोन प्रतींचा त्रास वेगळा: एक बंद केली असं वाटतं आणि दुसरी चालू राहते, मग "बंद करून उघडलं" हे खरं ठरत नाही.

आडवाटसरू

तुमचं तर्काला धरून आहे, पण भावाच्या मशीनवर जुनी प्रत काढल्यावरच चाललं. असो.

गुलाबी_थंडी

माझा प्रश्न थोडा वेगळा. कंपनीचा लॅपटॉप आहे, अपग्रेड कंपनीनेच ढकललं. बटण बंद आहे, चालू करायला गेले की ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड मागतो. माझ्याकडे नाही. आयटीवाले म्हणतात "आम्ही इथून देऊ शकत नाही, तुम्हीच चालू करा." मी म्हणते पासवर्ड द्या, ते म्हणतात देता येत नाही. आठवडाभर हाच खो-खो. मी स्टँडअपला आता पडदा दाखवायच्या ऐवजी वाचून दाखवते.

नेटका

@गुलाबी_थंडी, मी हेच काम करतो (तुमच्या कंपनीत नाही!). तुमचे आयटीवाले अर्धं खरं बोलतायत. कंपनी तिच्या व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून बऱ्याच परवानग्या परस्पर देऊ शकते, पण कॅमेरा, माइक आणि स्क्रीन या तीन नाही. त्या माणसानेच द्यायच्या, असं ॲपलने ठरवलंय. नाहीतर मालक गुपचूप कर्मचाऱ्याचा पडदा बघत बसेल.

उरलेलं अर्धं त्यांनी सांगितलं नाही. बिग सरपासून एक सोय आहे: कंपनी एका विशिष्ट ॲपसाठी "साध्या खात्यावरचा माणूसही हे बटण फिरवू शकेल" असं प्रोफाइल पाठवू शकते. मग ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. त्यांना हे शब्द जसेच्या तसे पाठवा:

```
Service: ScreenCapture
Authorization: AllowStandardUserToSetSystemService
```

समजणाऱ्या माणसाला दहा मिनिटांचं काम. त्यात ॲपची सहीसुद्धा लिहावी लागते, आणि इथेच आमच्याकडे घोळ होतात. मीटिंगच्या ॲपची नवी आवृत्ती वेगळ्या ओळखीने आली की जुनं प्रोफाइल निकामी. टीम्सचंच बघा, जुन्याची ओळख com.microsoft.teams होती, नव्याची com.microsoft.teams2. जुन्या नावाचं प्रोफाइल तसंच राहिलं असेल तर बटण पासवर्ड मागणारच. तुम्ही कुठलं ॲप वापरता?

गुलाबी_थंडी

नवं टीम्स! आणि यादीत दोन टीम्स दिसतात, एकासमोर क्लासिक लिहिलंय. क्लासिकचं बटण मला फिरवता येतं, नव्याचं नाही. म्हणजे हेच ना?

नेटका

अगदी हेच. स्क्रीनशॉट काढून पाठवा त्यांना.

चहाबाज

स्क्रीनशॉटला परवानगी लागते का पण?

नेटका

मॅकच्या स्वतःच्या Cmd+Shift+3 ला नाही लागत. प्रश्न विनोदी होता, पण चांगला होता.

रेखाटन

आले परत. झालं!! पण सरळ नाही झालं, म्हणून सविस्तर लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल.

वजा दाबलं, बोट टेकवलं, zoom.us यादीतून गेलं. सेटिंग बंद करून उघडलं तर परत तिथेच, बटण चालू! मग टर्मिनलकडे वळले. मी आगाऊपणाने ॲपचं नाव सरळ zoom.us लिहिलं, तर हे आलं:

```
tccutil: No such bundle identifier "zoom.us"
(OSStatus error -10814.)
```

(मधला मजकूर गाळलाय.) मग शून्यमात्रा यांनी लिहिलेली ओळ तशीच्या तशी चिकटवली, तेव्हा आलं:

```
Successfully reset ScreenCapture approval status for us.zoom.xos
```

आता यादीतून नाव खरंच गेलं. झूम उघडून एकटीच मीटिंगला बसले, दुसऱ्या बाजूला फोनवरून स्वतःच जोडले गेले म्हणजे समोरच्याला काय दिसतं ते कळावं. शेअर दाबल्यावर परवानगी विचारली, बटण चालू केलं, Quit & Reopen दाबलं. पुन्हा मीटिंग, पुन्हा शेअर, आणि फोनवर प्लॅन दिसला. स्वयंपाकघरासकट.

पण मग आणखी एक खिडकी आली. मजकूर असा की zoom.us ला सिस्टिमची खाजगी खिडकी-निवड टाळून थेट पडदा आणि आवाज हवाय. पर्याय दोन: Allow For One Month आणि Open System Settings. महिनाभरासाठी? म्हणजे दर महिन्याला हे सगळं परत?

शून्यमात्रा

वा! नाही, हे सगळं परत नाही. ती खिडकी म्हणजे फक्त आठवण आहे. सेकोयापासून, म्हणजे २०२४ पासून, जी ॲपं पूर्ण पडद्यावर थेट नजर ठेवायची परवानगी घेतात त्यांच्याबद्दल मॅक अधूनमधून विचारतो, "अजून चालू ठेवायचं ना?" हो म्हटलं की झालं. चाचणीच्या आवृत्तीत तर दर आठवड्याला विचारायचा, लोकांनी इतका आरडाओरडा केला की महिन्यावर आलं. १५.१ पासून जे ॲप तुम्ही नेमाने वापरता त्याच्याबद्दल आणखी कमी विचारतो. एकच काळजी घ्या: ही खिडकी नेमकी मीटिंग चालू असताना येऊ शकते आणि पूर्ण पडद्यावरच्या ॲपच्या मागे लपू शकते. शेअर अडल्यासारखं वाटलं तर आधी ती शोधा.

दुसऱ्या ॲपची ओळख शोधायची असेल तर अंदाज बांधू नका, मॅकलाच विचारा:

```
osascript -e 'id of app "zoom.us"'
```

हे us.zoom.xos असं उत्तर देतं. तेच tccutil च्या ओळीत घालायचं.

पन्हाळा_एक्स्प्रेस

महिन्या-महिन्याला विचारणं म्हणजे वैताग आहे. मशीन माझं, पैसे माझे, एकदा हो म्हटलं ना? आमच्याकडं दुकानात हिशोबाचं सॉफ्टवेअर बघायला सीए दूरवरून बघतो, त्यालापण हे विचारत बसतं.

टिपकागद

वैताग आहे हे मान्य, पण मी या बाजूने आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या लॅपटॉपवर घरातल्याच माणसाने पडदा बघणारं ॲप बसवून ठेवलं होतं. एकदा परवानगी देऊन टाकली की तिला कळायची सोय नव्हती. महिन्यातून एकदा खिडकी आली असती तर तिने "हे कुठलं ॲप?" असा प्रश्न तरी विचारला असता.

पन्हाळा_एक्स्प्रेस

हा मुद्दा आहे. पण लोक न वाचता Allow दाबतात ताई, मी स्वतः दाबतो. रोज विचारलं की वाचणं बंद होतं.

टिपकागद

तेही खरंच. म्हणून रोज नको, महिन्याने असू दे. आणि खरा उपाय ॲपवाल्यांच्या हातात आहे. सोनोमापासून मॅकची स्वतःची खिडकी निवडायची सोय आहे. ॲपने ती वापरली तर तुम्ही दाखवाल तेवढीच खिडकी त्याला मिळते, मग ना यादी, ना दर महिन्याची आठवण.

नेटका

कंपनीच्या मशीनवर १५.१ पासून ही महिन्याची खिडकी आम्हाला बंद करता येते. पहिला होकार मात्र माणसाचाच.

परदेशी_पाहुणा

चांगला धागा. मी न्यू जर्सीत, बाबा साताऱ्यात, वय ७६, मॅक मिनी. त्यांनीही अपग्रेडचं निळं बटण दाबलं. आता गंमत बघा. मी एरवी दूरवरून त्यांच्या पडद्यावर जाऊन सगळं दुरुस्त करून द्यायचो. अपग्रेडनंतर त्याच ॲपची स्क्रीनची परवानगी गेली. म्हणजे परवानगी द्यायला पडदा दिसायला हवा आणि पडदा दिसायला परवानगी हवी!

शेवटी व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉल लावला, बाबांना फोन मॉनिटरसमोर धरायला सांगितला आणि एकेक ओळ वाचायला लावली. "डावीकडे हाताचं चित्र दिसतं का? Privacy लिहिलंय?" असं करत तासाभरात पोचलो. बटण चालू झालं, मला पडदा दिसायला लागला, पण माउस हलेना. तेव्हा कळलं की बघायची परवानगी वेगळी आणि हात लावायची वेगळी. दुसरी त्याच पानावर Accessibility मध्ये असते. पुन्हा फोन मॉनिटरसमोर.

बाबा म्हणाले, "तू इथे असतास तर पाच मिनिटांचं काम होतं." यावर काय बोलणार.

मावशीबाई

बाबा बरोबर बोलले हो.

शून्यमात्रा

@परदेशी_पाहुणा, Accessibility चा मुद्दा महत्त्वाचा, मी लिहायला हवा होता. मीटिंगमध्ये दुसऱ्याला माउस द्यायचा असेल तर झूमलाही ती लागते.

पुढच्या वेळी एक करता येईल. मॅकची स्वतःची Screen Sharing सेवा Sharing च्या पानावर चालू करून ठेवलीत तर ती या यादीवर अवलंबून नसते. घरातल्या घरात ती छान चालते. साताऱ्याहून न्यू जर्सीला मात्र मध्ये व्हीपीएन वगैरे करावं लागेल, ते बाबांना सांगू नका. मेसेजेस ॲपमधून स्क्रीन शेअरचं आमंत्रण पाठवता येतं, दोन्हीकडे मॅक आणि ॲपल खातं असेल तर तो मार्ग जास्त सोपा.

परदेशी_पाहुणा

मेसेजेसचं माहीतच नव्हतं. रविवारी करून बघतो.

गुलाबी_थंडी

अपडेट: आयटीने प्रोफाइल पाठवलं. बटण आता पासवर्ड न मागता फिरतं. त्यांच्या उत्तरात लिहिलंय "as discussed earlier". कधी डिस्कस केलं देव जाणे. @नेटका, खूप आभार.

नेटका

आमच्या धंद्यातलं ते क्षमापत्र असतं, ठेवून घ्या.

रेखाटन

गुरुवारची मीटिंग झाली. प्लॅन दिसला. काकांना स्वयंपाकघर लहान वाटतंय, तो वेगळा धागा काढावा लागेल.

एक शंका राहिली. माझ्या ऑफिसात दोन मॅकबुक आहेत, दोन्ही एकाच दिवशी सोनोमावरून सेकोयावर गेली. दुसऱ्यावर झूम निमूट चालतंय, फक्त ती महिन्याची खिडकी आली. मग माझ्याच मशीनची नोंद का बिघडली?

शून्यमात्रा

तुमचं मशीन तुम्ही नवीन घेतलंत तेव्हा जुन्या मॅकवरून मायग्रेशन असिस्टंटने सामान आणलं होतं का?

रेखाटन

हो, दोन्हींवर आणलं होतं. एकाच जुन्या आयमॅकवरून.

शून्यमात्रा

मग माझा अंदाज चुकला. दोन्हींवर सारखं व्हायला हवं होतं.

आडवाटसरू

मी म्हटलं होतं, दोन झूम. बघा एकदा घरच्या फोल्डरमध्ये.

रेखाटन

बघितलं. एकच आहे.

आडवाटसरू

आता एकच आहे. आधी तुम्ही कचऱ्यात टाकलं होतं ना, तेव्हा कुठलं टाकलं?

रेखाटन

हे मात्र आता सांगता येणार नाही. कचरा रिकामा केला.